हजाराचा हातचा

किलो-ग्रॅमची बेरीज पोरांना येते की नाही हे पुस्तकातल्या गणितावरून कळत नाही असं माझं आता ठाम मत झालंय. पुस्तकात असतं कसं, ३ किलो ६०० ग्रॅम बटाटे आणि २ किलो ७०० ग्रॅम कांदे, एकूण किती. दोनच ओळी. ६०० आणि ७०० मिळून १३००, हजार काढले, ३०० लिहिले, किलोच्या घरात एक हातचा. पुढचं गणित, परत एक हातचा. पोरं दोन दिवसांत पाठ करतात की ग्रॅम हजाराच्या वर गेले की किलोत एक मिळवायचा, आणि त्यांचं सगळं बरोबर येत राहतं, कारण दोन ओळींच्या बेरजेत हातचा एकाच्या वर जाऊच शकत नाही. दोन्हीकडचे ग्रॅम हजाराच्या आतले, म्हणजे दोन्ही मिळून दोन हजाराच्या आतच. त्यामुळे "एक मिळवायचा" आणि "जितके हजार झाले तितके मिळवायचे" या दोन गोष्टींतला फरक तिथे दिसतच नाही.

तो दिसतो लांब बेरजेत. आणि आमच्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लांब बेरीज शोधायला कुठे जावं लागत नाही, ती ऑफिसच्या कपाटात असते. शालेय पोषण आहाराची नोंदवही. पहिली ते पाचवीला माणशी रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलंय (सहावी ते आठवीला १५०, ३० आणि साडेसात), त्याला त्या दिवशीच्या हजेरीनं गुणायचं, रोज एक ओळ लिहायची, आणि आठवड्याची, महिन्याची टोटल मारून शिल्लक काढायची. सगळ्या नोंदी किलो आणि ग्रॅम अशा दोन रकान्यांत. मी चौथीला हा धडा आता याच वहीच्या धर्तीवर शिकवते, आकडे फळ्यावर मांडून, आणि एक आठवडा पूर्ण सोडवून दाखवायचा तर तो असा.

सोमवारी ४७ मुलं जेवली, मंगळवारी ५२, बुधवारी ४९, गुरुवारी ५३, शुक्रवारी आमच्याकडे बाजार असतो म्हणून ३८, शनिवारी ४१. सगळी मिळून २८० ताटं.

तांदळापासून सुरू करू कारण तो सरळ आहे. ४ किलो ७००, ५ किलो २००, ४ किलो ९००, ५ किलो ३००, ३ किलो ८००, ४ किलो १००. इथे बहुतेक पोरं वरून खाली येतात, ७०० आणि २०० नऊशे, नऊशे आणि नऊशे अठराशे, आणि तिथेच थांबतात, हजार झाले ना बाई, मग एक हातचा घेऊन टाकू का? घ्यायला हरकत नाही, फक्त घेतला की बाजूला रेघ मारून ठेवायची आणि उरलेल्या ८०० वरून पुढे जायचं. पण त्याच्याआधी मी त्यांना म्हणते की नुसतं बघा रे आधी, बेरीज करू नका, कोणाची कोणाशी जोडी लागते ते बघा. मग कोणीतरी ओरडतंच, ७०० आणि ३००! २०० आणि ८००! ९०० आणि १००! तीन जोड्या, तीन हजार, ग्रॅमच्या घरात काही उरलं नाही, किलोत हातचे तीन. ४, ५, ४, ५, ३, ४ यांचे झाले २५, वर तीन, २८ किलो. आणि २८० ताटांना शंभर ग्रॅम म्हणजे २८,००० ग्रॅम, ताळा जमला.

ग्रॅमच्या घरात काही उरलं नाही तरी तिथे ००० लिहायचंच, यावर मी हटून बसते. रिकामी जागा म्हणजे "शून्य" की "लिहायचं राहिलं", हे महिन्याच्या शेवटी वही उघडणाऱ्याला कळत नाही.

आता डाळ. खरं गणित इथे आहे. वीस ग्रॅम माणशी, म्हणजे ४७ मुलांना ९४० ग्रॅम, ५२ ला १ किलो ४० ग्रॅम, ४९ ला ९८०, ५३ ला १ किलो ६०, ३८ ला ७६० आणि ४१ ला ८२०. मांडणी अशी:

सोम — ० किलो ९४० ग्रॅम
मंगळ — १ किलो ०४० ग्रॅम
बुध — ० किलो ९८० ग्रॅम
गुरु — १ किलो ०६० ग्रॅम
शुक्र — ० किलो ७६० ग्रॅम
शनि — ० किलो ८२० ग्रॅम

ग्रॅमचा रकाना आधी. ९४० आणि ६० हजार. ९८० आणि ८२० अठराशे. ४० आणि ७६० आठशे. हजार, अठराशे, आठशे, एकूण ३६००. यातले तीन हजार किलोकडे गेले, ६०० राहिले. किलोच्या रकान्यात आपले फक्त दोन होते, मंगळवारचा एक आणि गुरुवारचा एक, त्यात हातचे तीन, झाले पाच. ५ किलो ६०० ग्रॅम. २८० ला वीसनं गुणलं तरी ५६०० च येतात.

बघा इथे हातचा मूळ आकड्यापेक्षा मोठा आहे. किलोच्या घरात दोन आणि बाहेरून आले तीन. ज्या पोराच्या डोक्यात "एक मिळवायचा" एवढंच बसलंय ते इथे ३ किलो ६०० लिहून मोकळं होतं आणि त्याला त्यात काही खटकत नाही, कारण त्यानं नियम पाळलाय. दुसरं पोर ३६०० तसेच ठेवतं, "२ किलो ३६०० ग्रॅम". याला मी चूक म्हणत नाही, वजन बरोबरच आहे, फक्त काम अर्धं राहिलंय. पहिल्याला मात्र थांबवावं लागतं, त्याची दोन किलो डाळ कागदावरून गेली.

तिसरा प्रकार जास्त अवघड, आणि तो येतो रुपये-पैशांतून. पैशांची बेरीज किलो-ग्रॅमच्या आधी डोक्यात बसलेली असते, तिथे शंभर पैशांचा रुपया, मीटर-सेंटिमीटरलाही शंभरच, आणि मग ग्रॅम आले की हात सवयीनं शंभराला गाठ मारतो. ३६०० म्हणजे छत्तीस शंभर, हातचे छत्तीस, ३८ किलो डाळ! यावर रागावून उपयोग नाही, त्या पोराला एक मोजमाप द्यावं लागतं ज्यानं त्याचं त्यालाच कळेल. मी देते ते असं की जितक्या ओळी आहेत त्यापेक्षा एक कमी, हातचा जास्तीत जास्त तेवढाच. दोन ओळी असतील तर एक, सहा असतील तर पाच, महिन्याच्या चोवीस ओळी असतील तर तेवीस. कारण प्रत्येक ओळीत ग्रॅम फार तर ९९९, हजाराला एक कमीच, म्हणून सहा ओळींचे सहा हजार कधीच भरत नाहीत. सहा ओळींत छत्तीस हातचे आले म्हणजे गाडी रुळावरून उतरलीये, पुन्हा बघ. हे त्यांना पटतं कारण ते स्वतः सहा वेळा ९९९ मांडून बघू शकतात, ५९९४ येतात, हातचे पाचच.

पण या सगळ्यांपेक्षा वहीत जी गडबड खरोखर होते ती हातच्याची नाहीच, ती मंगळवार आणि गुरुवारच्या ओळीत आहे. १ किलो ४० ग्रॅम. काट्यावर तो आकडा १.०४० असा दिसतो. घाईत कोणी लिहिलं "१.४०", किंवा तोंडी सांगितलं "एक चाळीस" आणि ऐकणाऱ्यानं ४ च्या पुढे दोन शून्यं टाकली, की झाले १ किलो ४००. गुरुवारचे ६० झाले ६००. आता बेरीज कितीही काळजीपूर्वक करा, ३६०० च्या जागी ग्रॅम येणार ४५००, हातचे चार, टोटल ६ किलो ५०० ग्रॅम. नऊशे ग्रॅम डाळ जास्त दाखवली गेली. नऊशे ग्रॅम म्हणजे वीस ग्रॅमच्या हिशोबानं ४५ ताटं, आमच्या शाळेचं जवळजवळ एक पूर्ण दिवसाचं जेवण. आणि बेरीज तपासणाऱ्याला यात काही सापडणार नाही, कारण बेरीज चुकलीच नाहीये, मांडणी चुकलीये.

म्हणून ग्रॅमच्या रकान्यात कायम तीन घरं. चाळीस असले तरी ०४०, पाच असले तरी ००५. मी फळ्यावर ग्रॅमच्या खाली तीन उभी घरं आखते, शतक, दशक, एकक, आणि कुठलंच घर मोकळं सोडू देत नाही. यानं फक्त चूक टळते असं नाही, हजाराचा हातचा मुळात काय आहे ते पण उलगडतं. किलो आणि ग्रॅमच्या मधली रेघ पुसून टाका आणि तेच आकडे सलग वाचा, ९४०, १०४०, ९८०, १०६०. नेहमीची चार अंकी बेरीज झाली! एककाचे दहा झाले की दशकात, दशकाचे दहा झाले की शतकात, शतकाचे दहा झाले की हजारात, आणि हजाराचं घर म्हणजेच किलोचं घर. वेगळा नियम असा काही नाहीच, दहाचाच हातचा तीनदा पुढे सरकलाय. पुस्तकात या मधल्या घरांना डेकाग्रॅम, हेक्टोग्रॅम अशी नावं दिलीयेत, बाजारात ती कोणी घेत नाही, त्यामुळे ग्रॅमवरून थेट किलोवर उडी मारल्यासारखं वाटतं. तीन घरं भरलेली असली की ती उडी वाटत नाही.

हे इतकं सोपं नेहमी नव्हतं. आपल्याकडे सोळा छटाकांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण होता, म्हणजे छटाकाच्या रकान्यातून सोळाला हातचा द्यायचा आणि शेराच्या रकान्यातून चाळीसला, एकाच बेरजेत दोन वेगळे हिशोब आणि दोन्ही दहाशी न जुळणारे. त्यात रुपया सोळा आण्यांचा, त्यामुळे शेराचा भाव जितके रुपये तितकेच आणे छटाकाला, ही मात्र मोठी सोय होती आणि जुन्या दुकानदारांना ती सोडायला जड गेलं असेल तर मला नवल वाटत नाही. १९५६ च्या कायद्यानं दशमान वजनं आली, ऑक्टोबर १९५८ पासून ती वापरात यायला लागली आणि एप्रिल १९६२ पासून सक्तीची झाली. नाणी त्याच्याही आधी, १ एप्रिल १९५७ ला शंभर पैशांची झाली होती. शंभर आणि हजार या दोन गाठी आपल्याकडे अशा लागोपाठच आल्या, आणि पोरांच्या वहीत आजही त्या एकमेकीत अडकतात.

आता आमच्या स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं सांगते, कारण त्यांची पद्धत मी वर्गात उचललीये. मावशी कागदावर काही मांडत नाहीत. त्यांना रोजचं डाळीचं वजन सांगितलं तर त्या ते किलोपासून किती लांब आहे तेवढंच लक्षात ठेवतात. ९४० म्हणजे "किलोला साठ कमी". १ किलो ६० म्हणजे "किलोवर साठ". मग सोमवार आणि गुरुवार मिळून सरळ दोन किलो, साठाची साठाला फिट्टंफाट. मंगळवार चाळीस वर, बुधवार वीस कमी, म्हणजे दोन किलो वीस. शुक्रवार दोनशे चाळीस कमी, शनिवार एकशे ऐंशी कमी, दोन्ही मिळून दोन किलोला चारशे वीस कमी, म्हणजे एक किलो पाचशे ऐंशी. दोन किलो, दोन किलो वीस आणि एक किलो पाचशे ऐंशी, पाच किलो सहाशे. "बाई, पाच किलो सहाशे ना?" हातचा घ्यायची वेळच आली नाही, कारण हजार आधीच किलो म्हणून मोजून झाले, हिशोब फक्त कमी-जास्तीचा राहिला. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच बोलत मोठी झालेली माणसं वजनाचा असाच विचार करतात, पाऊण किलो म्हणजे ७५० नाही, किलोला पाव कमी. मला वाटतं मुलांना हे लवकर द्यावं, उभ्या मांडणीच्या बरोबरीनं, कारण दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला की उत्तराची खात्री होते, पहिल्याच वाटेनं दुसऱ्यांदा गेलं की बऱ्याचदा तीच चूक परत होते.

तेलाची गोष्ट छोटी आहे पण सांगायलाच हवी. पाच ग्रॅम माणशी, म्हणजे आठवड्याच्या ओळी २३५, २६०, २४५, २६५, १९० आणि २०५. एकाही ओळीत किलो नाही, किलोचा सगळा रकाना शून्यांचा. बेरीज १४००. इथे चांगली हुशार पोरंसुद्धा १४०० ग्रॅम लिहून थांबतात, कारण त्यांना वाटतं किलो तर कुठे आलाच नाही, मग उत्तरात कसा येईल? रिकाम्या रकान्यातही हातचा जाऊन बसतो, हे त्यांना इथेच पहिल्यांदा दिसतं. १ किलो ४०० ग्रॅम. आणि एक सावधगिरी मोठ्यांसाठी, हा किलो म्हणजे तेलाची एक पिशवी नव्हे. पिशवी लिटरची असते आणि तिच्यावरच छापलेलं असतं की एक लिटर म्हणजे ९१० ग्रॅम, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. १ किलो ४०० ग्रॅम तेल म्हणजे साधारण १ लिटर ५४० मिली. ग्रॅमचा हिशोब पिशव्यांत करायचा तर आधी ९१० नं भागावं लागतं.

कोणी म्हणेल एवढं कशाला, कॅल्क्युलेटर आहे की फोनमध्ये. आहे, आणि मी पण वापरते, पण त्याचा एक धोका माहीत हवा. डाळीचे सहा आकडे किलोमध्ये, ०.९४०, १.०४० असे टाकले की स्क्रीनवर येतं ५.६. शेवटची शून्यं तो दाखवत नाही. आणि ते ५.६ वहीत उतरवताना कोणी ५ किलो ६ ग्रॅम लिहितं, कोणी ५ किलो ६० ग्रॅम. दशांश चिन्हापुढे तीन घरं भरून घ्यायची, ५.६००, आणि मगच रकान्यात लिहायचं. किंवा सगळं ग्रॅममध्येच टाकायचं, ९४०, १०४०, टोटल ५६०० आली की उजवीकडून तीन अंक सोडून रेघ, हे जास्त बरं.

सहावी ते आठवीच्या साडेसात ग्रॅम तेलाला मात्र ही तीन घरं पुरत नाहीत. ४३ मुलांना ३२२.५ ग्रॅम होतात, अर्धा ग्रॅम कुठे ठेवायचा? रोजच्या रोज पूर्ण आकड्यात बसवत गेलात तर तो अर्धा ग्रॅम दर वेळी एकाच बाजूला जातो. त्यापेक्षा आठवड्याची ताटं आधी मिळवायची आणि एकदाच साडेसातनं गुणायचं.

आता शेवटचं काम, शिल्लक. समजा सोमवारी सकाळी १२ किलो २५० ग्रॅम डाळ होती. त्यातून ५ किलो ६०० वजा. २५० तून ६०० जात नाहीत, मग एक किलो मोडायचा, मोडला की तो हजार ग्रॅमचा होऊन इकडे येतो, १२५० तून ६०० गेले ६५०, अकरातून पाच गेले सहा, ६ किलो ६५० ग्रॅम. बेरजेत जो हजार वर गेला तोच इथे खाली येतो. मग शनिवारी डबा काट्यावर ठेवायचा, डब्याचं वजन वजा करून. दहा-वीस ग्रॅमचा फरक असला तर सोडून द्या, तो वाटीच्या कडेला नाहीतर जमिनीवर सांडलेला असतो. फरक मोठा असला तर तो किती आहे यावरून चूक कुठे झाली ते बरंच कळतं. बरोबर दोन किलोचा किंवा तीन किलोचा फरक, आणि ग्रॅम मात्र जुळताहेत, तर हातचा राहिलाय किंवा कमी घेतलाय, रोजच्या ओळी चाळत बसू नका, फक्त टोटल परत मारा. आणि फरकाच्या अंकांची बेरीज नऊ किंवा नवाच्या पाढ्यातली आली, तर आधी शून्याकडे बघा. ४० चे ४०० झाले की फरक ३६०, ६० चे ६०० झाले की ५४०, दोन्ही मिळून ९००. ५ किलो ६०० चे ५ किलो ६ झाले तर ५९४. सगळे नवानं भागले जातात, कारण अंक तेच राहून नुसतं घर बदललं की फरक नवाच्याच पटीत येतो. ७६० च्या जागी ६७० लिहिलं तरी ९०. योगायोगानं दुसराही एखादा फरक नवाच्या पटीत येऊ शकतो, त्यामुळे ही खूण पुराव्यासारखी धरायची नाही, पण कुठून शोधायला सुरुवात करायची ते तिच्यावरून ठरतं, आणि आठवड्यातल्या ज्या दिवशी हजेरी पन्नासच्या थोडीशी वर होती ती ओळ सगळ्यात आधी तपासायची, कारण डाळ किलोवर जेमतेम जाते ती त्याच दिवशी.